यूके शिफ्टची ऑफर आली आहे, वेळ आणि घरून कामाचे दिवस कसे मागू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत भरतीच्या कामात माझी चौदा वर्षं गेली. या काळात ऑफर देताना पगारावर घासाघीस करणारे पुष्कळ भेटले. वेळेबद्दल नीट बोलणारे मात्र फार थोडे होते. आणि नोकरी सहा महिन्यांत सोडून गेलेल्यांना कारण विचारलं, की बहुतेक जण पगाराचं नाव न काढता वेळेचंच सांगायचे. खालचे प्रश्न मला फोनवर, लग्नाच्या पंगतीत, गाडीत शेजारी बसलेल्यांकडून पुन्हापुन्हा येतात. सगळ्यात जास्त प्रश्न असतात यूके शिफ्टबद्दल, म्हणून तेच उदाहरण धरलं आहे. माझी मावसबहीण डोंबिवलीला राहते. तिला मालाडच्या एका कंपनीत इंग्लंडच्या ग्राहकाचे हिशेब सांभाळण्याची ऑफर आली होती. ती बोलणी मी जवळून पाहिली, तीच इथे तपशिलात सांगते.

यूके शिफ्ट म्हणजे नेमकं किती ते किती?

हा प्रश्न बरेच जण विचारतच नाहीत, आणि पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

इंग्लंडमध्ये वर्षातून दोनदा घड्याळ बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे येतं. आपलं घड्याळ जागचं हलत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले दुपारचे दीड, आणि हिवाळ्यात तिथले नऊ म्हणजे आपले अडीच. ऑफर जुलैत आली तर एचआर सांगणार, "शिफ्ट दीड ते साडेदहा." ते खोटं नसतं. पण नोव्हेंबर उजाडला की तीच शिफ्ट अडीच ते साडेअकरा होते.

साडेदहाला सुटलेला माणूस मालाडहून डोंबिवलीला बारा-साडेबारापर्यंत पोचतो. साडेअकराला सुटलेला शेवटच्या गाड्यांच्या मागे धावतो, आणि एक गाडी चुकली की पहाटेपर्यंत फलाटावर. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: "ही वेळ ऑक्टोबरनंतर काय होते?" अमेरिकेच्या शिफ्टलाही हेच लागू आहे. तिथे बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा असतात, हिवाळ्यात साडेसात.

काही कंपन्या बारा महिने भारतीय वेळच धरतात, घड्याळ बदललं तरी शिफ्ट हलवत नाहीत. तसं असेल तर छानच. पण ते स्वतःच गृहीत धरू नका, त्यांच्याकडून ऐका.

वेळेचा विषय कधी काढायचा?

तोंडी ऑफर आल्यावर आणि लेखी ऑफर स्वीकारण्याआधी. हा काळ साधारण दोन ते पाच दिवसांचा असतो. तुम्ही हवे आहात हे कंपनीने तोवर ठरवलेलं असतं, मॅनेजरने वरून मंजुरी घेतलेली असते, आणि दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला अजून "नाही" कळवलेलं नसतं. तुमच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन याच दिवसांत असतं.

मुलाखतीच्या मधल्या फेऱ्यांत हा विषय काढू नका असं मी म्हणते, पण याला एक अपवाद आहे. जी अट जमली नाही तर तुम्ही ही नोकरी घेणारच नाही, ती पहिल्याच फोनवर सांगून टाका. घरी अंथरुणाला खिळलेले वडील आहेत आणि रात्री नऊनंतर बाहेर राहणं शक्यच नाही, तर चार फेऱ्या देऊन शेवटी नकार देण्यात दोघांचाही वेळ जातो.

पहिल्या फोनवर रिक्रूटरने "शिफ्ट ओके आहे ना?" विचारलं आणि मी "हो" म्हटलं. आता बोलू शकते का?

बोलू शकता. फक्त त्या "हो"ची नोंद झालेली असते हे लक्षात ठेवा. पहिल्या फोनवर आमच्यासमोर एक तक्ता उघडा असतो: सध्याचा पगार, अपेक्षा, नोटीस पिरियड, लोकेशन ओके, शिफ्ट ओके. शेवटच्या दोन रकान्यांत आम्ही नुसती खूण करतो. तुम्ही नंतर वेळ बदलून मागितलीत की एचआर तीच खूण दाखवून म्हणतं, "तुम्ही तर आधी हो म्हणाला होता."

अशा वेळी सारवासारव करू नका. सरळ सांगा: "शिफ्टला माझी हरकत नाही, आजही नाही. तेव्हा मला फक्त यूके शिफ्ट एवढंच सांगितलं होतं. आता वेळा, ऑफिसचे दिवस आणि गाडीची सोय कळली, म्हणून ऑफिसच्या दिवसांपुरता एक बदल सुचवते आहे." हे खरं असतं आणि समोरच्याला पटतंही.

ज्यांचा पहिला फोन अजून यायचा आहे, त्यांनी नुसतं "हो" न म्हणता एवढं सांगावं: "लोकेशन ठीक आहे, शिफ्टलाही तयार आहे. नेमक्या वेळा ऑफरच्या वेळी बोलू." मग त्या रकान्यात खुणेऐवजी एक ओळ लिहिली जाते.

आधी काय मागू, घरून कामाचे जास्त दिवस की वेळेत बदल?

मुंबईत माझं उत्तर वेळ हेच आहे, आणि हे मी बऱ्याच जणांना पटवून थकले आहे.

ऑफिसचे दिवस किती हे बहुतेक वेळा मॅनेजरच्या हातात नसतं. "आठवड्यातून तीन दिवस" हा नियम वरून आलेला असतो, कार्ड स्वाइपचा अहवाल दर महिन्याला वर जातो, आणि तुम्हाला दोन दिवस दिले तर टीममधले बाकीचे अकरा जण दारात उभे राहतात. वेळ मात्र मॅनेजरच्या हातात असते. तुम्ही बाराला आलात की दीडला, हे स्वाइपच्या मासिक अहवालात कुणी बघत नाही. तिथे फक्त तुम्ही आलात की नाही एवढंच मोजलं जातं.

आणि आपल्या शहरात एका तासाने फार फरक पडतो. साडेआठच्या डोंबिवली फास्टमध्ये दारात एक पाय टेकायला मिळतो, दहानंतरच्या गाडीत आत शिरून उभं राहता येतं. दिवस पाळीतही तसंच आहे. लोअर परळच्या ऑफिसात साडेनऊऐवजी आठला पोचायची परवानगी मिळाली, तर सकाळी गाडीत आत शिरता येतं आणि संध्याकाळी पाचला निघाल्यावर दादरच्या पुलावर चेंगरत उभं राहावं लागत नाही. तिसरा दिवस घरून मिळाला नाही तरी ऑफिसचे तीनही दिवस सुसह्य होतात.

अंधेरी, घाटकोपर किंवा मालाडमध्येच राहणाऱ्यांना हे उलटं वाटू शकेल. त्यांनी दिवस मागावेत. प्रवास अर्ध्या तासाचा असेल तर वेळेच्या बदलासाठी आपलं वजन खर्च करण्यात अर्थ नाही.

मागणी मांडायची कशी? नुसतं "फ्लेक्सिबल हवं" म्हटलं तर चालेल?

"फ्लेक्सिबल" हा शब्द तोंडातून काढू नका. त्याला कुणीही "हो, आमच्याकडे फ्लेक्सिबल आहे" म्हणतं आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. घड्याळाची वेळ सांगा, वार सांगा, आणि त्या वेळेत काम कसं होईल ते सांगा.

मावसबहिणीचं उदाहरण घेऊ. ऑफर अशी होती: यूके शिफ्ट, तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. तिचा रस्ता म्हणजे डोंबिवलीहून घाटकोपर, मेट्रो १ ने डी. एन. नगर, तिथून मेट्रो २ए ने मालाडच्या बाजूला. दारापासून दारापर्यंत पावणेदोन तास. हिवाळ्यात रात्री साडेअकराला निघून हा रस्ता उलटा करणं शक्यच नव्हतं, कारण तोवर मेट्रो बंद झालेली असते.

पहिल्या दिवशी ती मला म्हणाली, "ताई, मी त्यांना चार दिवस घरून मागते." मी म्हटलं, आधी मला कामाचे तुकडे सांग. मग आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागद घेऊन बसलो. तिचं काम तीन प्रकारचं होतं. एक, ग्राहकाच्या माणसांशी बोलणं आणि मेलला उत्तरं देणं, ज्याला तिकडचं ऑफिस चालू असणं गरजेचं आहे. दोन, आदल्या दिवशीच्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं आणि थकबाकीचा तक्ता काढणं, ज्याला समोर कुणी जागं असण्याची गरज नाही. उलट ते शांततेत जास्त चांगलं होतं. तीन, मंथ एंड, म्हणजे महिन्याचे शेवटचे दोन आणि पुढच्या महिन्याचे पहिले तीन कामाचे दिवस, तेव्हा सगळे शेवटपर्यंत बसतात.

हे कागदावर आल्यावर मागणी आपोआप तयार झाली. ऑफिसच्या दिवशी दुपारी बारा ते रात्री नऊ. बारानंतरचे पहिले दीड-दोन तास जुळवाजुळवीचं काम, म्हणजे इंग्लंडमधली माणसं टेबलावर बसतील तेव्हा कालचा तक्ता त्यांच्यासमोर तयार असेल. उन्हाळ्यात रात्री नऊ म्हणजे तिकडचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन, म्हणजे ग्राहकाबरोबरचे अनुक्रमे साडेसात आणि साडेसहा तास हातात राहतात. घरून कामाच्या दोन दिवशी पूर्ण यूके शिफ्ट, हिवाळ्यात साडेअकरापर्यंतसुद्धा. मंथ एंडला ऑफिसचा दिवस असेल तरी पूर्ण शिफ्ट, फक्त तेव्हा परतीला कंपनीची गाडी.

या मागणीत कंपनीचा एकही तास बुडत नव्हता. मॅनेजरला एकच काळजी होती, ऑफिसच्या दिवशी संध्याकाळी तिकडून तातडीचा मेल आला तर काय. त्यावर तिने सांगितलं की नऊ वाजता ती दिवसाचा हँडओव्हर लिहून ठेवेल आणि साडेदहापर्यंत फोनवर असेल. हे शेवटचं वाक्य मला पसंत नव्हतं. "फोनवर असेन" हळूहळू "गाडीत लॅपटॉप उघड"पर्यंत जातं. म्हणून तिने त्यात घातलं: फोन फक्त टीम लीडचा, आणि महिन्यातून चार वेळांपेक्षा जास्त वेळ आला तर व्यवस्थेचा पुन्हा विचार करायचा.

फोनवर नेमकं काय बोलायचं?

आधी मॅनेजरशी बोला, मग एचआरशी. हा क्रम महत्त्वाचा आहे. एचआरला विचारलंत तर ते धोरण वाचून दाखवणार, कारण त्यांचं कामच ते आहे. मॅनेजरने "मला चालेल" म्हटलं की एचआरला फक्त ते लिहायचं उरतं. एचआरला आधी सांगून ठेवा, म्हणजे डावलल्यासारखं वाटणार नाही: "ऑफर आवडली आहे. कामाच्या वेळांबद्दल सरांशी दहा मिनिटं बोलायचं आहे, मग तुम्हाला कळवते."

मावसबहिणीचा फोन साधारण असा झाला.

"सर, ऑफरबद्दल आभारी आहे, मला हे काम करायचं आहे. एका गोष्टीवर तुमचं मत हवं होतं. ऑफिसच्या तीन दिवशी मी बारा ते नऊ आले तर चालेल का? घरून असेन त्या दोन दिवशी आणि मंथ एंडला पूर्ण शिफ्ट करेन."

"पण संध्याकाळी क्लायंटचे कॉल असतात."

"रोजचा कॉल किती वाजता असतो?"

"त्यांच्या दोन वाजता."

"म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेव्हा मी ऑफिसातच असेन. नऊनंतर साधारण काय येतं?"

तिकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग उत्तर आलं, "खरं तर मंथ एंड सोडून फारसं काही नाही."

त्यांनी ते स्वतः म्हटलं, हे मोलाचं होतं. तिने वाद घातला नाही, वेळ विचारली आणि हिशेब त्यांच्यासमोर ठेवला. शेवटी ते म्हणाले, "पहिले दोन महिने ट्रेनिंगला पूर्ण शिफ्ट करावी लागेल, मग हे चालेल." तिने तारीख विचारून घेतली. ट्रेनिंगचा काळ आपणहून पूर्ण वेळ द्यायची तयारी दाखवली तर पुढचं बरंच सोपं जातं. पण "ट्रेनिंग संपलं की" असं मोघम ठेवू नका. किती आठवडे, ते ठरवून घ्या.

रात्री सोडायला कंपनीची गाडी असते म्हणतात. मग काळजी कशाला?

गाडी असते, पण तिची हद्द असते. प्रत्येक कंपनीच्या वाहतूक विभागाकडे एक झोन ठरलेला असतो. मालाडहून बोरिवली, ठाणे, पवई अनेकदा त्यात येतं. डोंबिवली, बदलापूर, विरार येईलच असं नाही. हद्दीबाहेरच्यांना एखाद्या ठरावीक चौकात सोडतात आणि पुढचा रस्ता तुमचा. म्हणून "कॅब आहे का?" असं न विचारता आपला पिन कोड सांगा आणि विचारा: "या पत्त्यावर दारापर्यंत ड्रॉप मिळतो का, आणि किती वाजल्यानंतरच्या लॉगआउटला?" काही ठिकाणी आठनंतर मिळतो, काही ठिकाणी दहानंतर. साडेनऊला सुटणारी बाई या दोन उत्तरांच्या मध्ये अडकते.

बायकांसाठी इथे कायद्याचाही आधार आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती घेतली तरी सुरक्षिततेबरोबर घराच्या दारापर्यंतच्या वाहतुकीची सोय करणं मालकाकडे येतं. कामगारांची संख्या कायद्यात ठरवलेल्या मर्यादेइतकी किंवा जास्त असलेल्या आस्थापनांना हा कायदा लागू होतो. रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात एक संमतीपत्र असतं, त्यावर बहुतेक जणी न वाचता सही करतात. सही करण्याआधीच ड्रॉपचा पत्ता तुमच्या घराचा आहे का ते बघून घ्या. बोलताना कायद्याचं नाव घेऊन धाक घालण्याची गरज पडत नाही. "संमतीपत्र भरायचं आहे, ड्रॉप घरापर्यंत आहे ना?" एवढं पुरतं.

वेळ बदलून घेतली तर पगार कमी होतो का?

मूळ पगार होत नाही. शिफ्ट अलाउन्स होऊ शकतो, आणि तो सीटीसीत मिसळलेला असला तर तुमच्या लक्षातही येत नाही.

मावसबहिणीच्या ऑफरमध्ये महिना ५,००० रुपये शिफ्ट अलाउन्स होता आणि तो वार्षिक आकड्यात धरलेला होता. तिने विचारलं तेव्हा कळलं, की तो पूर्ण शिफ्ट केलेल्या दिवसांच्या प्रमाणात मिळतो. महिन्याचे २२ दिवस धरले तर घरून कामाचे आणि मंथ एंडचे मिळून तिचे साधारण १२ दिवस पूर्ण शिफ्टचे होत होते. म्हणजे ५,००० ऐवजी सुमारे २,७०० रुपये. वर्षाला जवळजवळ २७,००० चा फरक. तिने एचआरला हा हिशेब लिहून पाठवला आणि निम्मा फरक कायम पगारात धरा अशी विनंती केली. त्यांनी १२,००० धरले. ती समाधानी होती, कारण हे पैसे कशाच्या बदल्यात जात आहेत ते तिला आधीच माहीत होतं.

"घरून काम हवं तर पगारात थोडं कमी करू" असं कुणी म्हटलं, तर मान्य करू नका. काम तेवढंच आहे. शिवाय हायब्रिडमध्ये तुमचा लोकलचा पास महिन्याचाच काढावा लागतो, दोन दिवस घरी बसून त्यातला रुपयाही परत येत नाही.

मॅनेजर "हो" म्हणाले. लेखी घ्यायलाच हवं का?

घ्यायलाच हवं. माझ्याच बाबतीत झालेलं सांगते. मूल लहान असताना मी एका कंपनीत रुजू झाले ती "साडेपाचला निघत जा, काही प्रश्न नाही" या शब्दावर. ते बोलणारे सज्जन होते आणि त्यांनी शब्द पाळलाही. तिसऱ्या महिन्यात त्यांची बदली झाली. नव्या वरिष्ठांनी पत्र उघडून बघितलं, त्यात साडेनऊ ते साडेसहा लिहिलेलं होतं. पाळणाघर सातला बंद व्हायचं. पुढचे चार महिने मी रोज संध्याकाळी चोरासारखी बॅग उचलून निघायचे, आणि शेवटी ती नोकरी सोडली.

मेलवर आलं तरी पुरतं असं समजू नका. रुजू होताना मिळणाऱ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये अनेकदा एक कलम असतं: या पत्राआधी झालेली सर्व तोंडी व लेखी बोलणी या पत्राने रद्द समजावीत. म्हणजे ऑफरच्या वेळचा तुमचा मेलसुद्धा त्यात वाहून जातो. म्हणून ती ओळ अपॉइंटमेंट लेटरमध्ये किंवा त्याच्या जोडपत्रात आली पाहिजे. मागताना मसुदा आपणच द्यावा, एचआरचं काम हलकं होतं. मेल इंग्रजीतच जाईल, पण आशय असा ठेवा:

"चर्चेप्रमाणे, रुजू झाल्यापासून आठ आठवड्यांनंतर, ऑफिसच्या दिवशी कामाची वेळ दुपारी १२ ते रात्री ९ आणि घरून कामाच्या दिवशी यूके शिफ्ट राहील. मंथ एंडच्या पाच दिवशी पूर्ण शिफ्ट, परतीच्या वाहतुकीसह. यात बदल करायचा झाल्यास ३० दिवस आधी लेखी कळवले जाईल. ही व्यवस्था अपॉइंटमेंट लेटरमध्ये नमूद करावी."

शेवटून दुसऱ्या वाक्यावर माझा सगळ्यात जास्त भर आहे. पत्रात "व्यवसायाच्या गरजेनुसार कामाची वेळ व ठिकाण बदलण्याचा अधिकार कंपनीकडे राहील" हे वाक्य असणारच. ते काढून टाका म्हणून भांडू नका, कुणीही काढत नाही. पण बदलाआधी तीस दिवस मागितले तर बरेच जण देतात. तीस दिवसांत पाळणाघर बदलता येतं, घरच्यांशी बोलता येतं, नाहीतर दुसरीकडे अर्ज टाकता येतो.

"तीन दिवस ऑफिस" यात आणखी काय विचारायचं असतं?

मोजणी आठवड्याची आहे की महिन्याची, ते विचारा. महिन्याला बारा दिवस असतील तर पावसात गाड्या बंद पडल्या त्या आठवड्यात एकदाच जाऊन पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. आठवड्याला तीन असतील तर नाही. ऑफिसच्या दिवशी आजारपणाची रजा घेतली तर तो दिवस भरावा लागतो का, आणि गणपतीच्या सुट्टीच्या आठवड्यात तीनच राहतात की कमी होतात, हेही विचारून घ्या. वार कोण ठरवतं ते शेवटी.

घरचं कारण सांगावं का?

मला विचाराल तर एका वाक्यापेक्षा जास्त नको. "घरी संध्याकाळची जबाबदारी आहे" इथपर्यंत ठीक. मूल किती वर्षांचं, सासूबाईंना काय झालंय, मिस्टर कुठे असतात, हे सांगितलंत की चर्चा वेळेवरून तुमच्या घरावर सरकते आणि समोरचा मनात म्हणू लागतो, हिला जमेल का? मी टेबलाच्या त्या बाजूला बसून हे होताना पाहिलं आहे, आणि ते चुकीचं आहे. कामाचा हिशेब पुढे ठेवलात तर कारणाची गरज फारशी पडत नाही. पुरुषांनाही हेच सांगते. फरक इतकाच, की त्यांना हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

कुठे मागूनही मिळत नाही?

जिथे काम जागेला किंवा घड्याळाला बांधलेलं आहे. शेअर बाजार सव्वानऊला उघडतो आणि साडेतीनला बंद होतो, डीलरला त्यात सूट नाही. बँकेची शाखा, हॉस्पिटलचा वॉर्ड, आणि ग्राहकाने सुरक्षेच्या अटीवर वेगळा कुलूपबंद मजला घेतला आहे असं प्रोजेक्ट, इथे घरून काम मिळत नाही. पाळ्या फिरत्या असतील तर शिफ्टची निवड न मागता रोस्टर मागा: दोन आठवडे आधी जाहीर होईल का, आणि रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपाळी लागणार नाही ना. एवढं बहुतेक ठिकाणी मान्य होतं.

मागितलं म्हणून ऑफर मागे घेतील का?

चौदा वर्षांत नीट शब्दांत एकदाच केलेल्या मागणीमुळे ऑफर मागे घेतलेली मी पाहिली नाही. तीनदा वेगवेगळं मागितल्यामुळे घेतलेली पाहिली आहे. सोमवारी पगार, बुधवारी दिवस, शुक्रवारी शिफ्ट असं करू नका. सगळं एकाच फोनमध्ये बोला, पाठोपाठ एक मेल.

ऑफर स्वीकारली, पण नोटीस पिरियड तीन महिन्यांचा आहे. मधल्या काळात काही बदललं तर?

हे खूपदा होतं. नव्वद दिवसांत मॅनेजर जातो, ऑफिसचे दिवस तीनाचे चार होतात, ग्राहकच बदलतो. म्हणून दर महिन्याला एचआरला दोन ओळींचा मेल टाका: रुजू होण्याची तारीख अमुक, ठरलेल्या वेळा तमुक, यात काही बदल नाही ना? शेवटचा मेल जुन्या ठिकाणचा अखेरचा दिवस यायच्या दहा दिवस आधी गेला पाहिजे, म्हणजे गडबड निघाली तर जुन्या मॅनेजरशी बोलायला थोडा वेळ उरतो.

मावसबहिणीच्या दुसऱ्या मेलला उत्तर आलं, की टीमला नवीन मॅनेजर आले आहेत. तिने त्याच दिवशी त्यांच्याशी फोनवर ओळख करून घेतली आणि मसुद्याची ओळ वाचून दाखवली. ते म्हणाले, "बारा ते नऊ ठीक आहे, पण मंगळवारी माझी टीम मीटिंग साडेनऊला असते." तिने मंगळवार घरून कामाचा दिवस करून घेतला, आणि अपॉइंटमेंट लेटर येण्याआधी जोडपत्रात वार बदलून आला.